चालत लिहिलेला मसुदा

वनहक्कांचं काम करणाऱ्या पांढरकवड्याच्या आमच्या संस्थेत कुठलाही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे. लोक म्हणायचे, सरांच्या लाल पेनातून सुटलं म्हणजे झालं. मला ते ऐकायला आवडायचं. किती आवडायचं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती आमच्याकडे आली तेव्हा बावीस-तेवीसची असेल. महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरची, घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि लिहायला बसली की भीत भीत पुस्तकी. तिला झरी जामणीतल्या एका पोडाचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीचं, काम दिलं होतं. पोडाला जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा करायचा होता. अशा दाव्यासोबत गावाच्या परंपरागत सीमेचं आणि वापराचं वर्णन जोडतात. मसुदा ग्रामसभेत वाचतात, लोकांना पटला तर ठराव होतो आणि मग तो वर उपविभागीय समितीकडे जातो.

म्हाताऱ्यांसोबत दोन दिवस जंगल फिरून तिनं नऊ पानं लिहिली. माझ्या टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"सर, पह्यल्यांदाच लिवलं. सांगजा बरं, कसं झालं."

मी वाचलं. तिसऱ्या पानापर्यंत डोकं दुखलं. एका परिच्छेदात नाला, डिंक आणि कुणाच्या तरी आज्याचं मरण. सरपणाची गोष्ट दोन ठिकाणी, मोहाची चार ठिकाणी. गावाला नेमकं काय हवंय ते आठव्या पानावर. वाचणारा यात हरवतो, हे खरंच होतं, आजही मी तेच म्हणेन.

पण पाचव्या पानावर एक वाक्य होतं. 'इथे पोहोचेपर्यंत सावली पायाखाली येते, म्हणून बाया इथेच भाकर सोडतात.' तीस वर्षं त्या जंगलात फिरूनही मला असं वाक्य सुचलं नव्हतं. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी ते वाक्य खोडलं, समासात 'अनावश्यक' असं लिहिलं आणि पुढे गेलो.

दोन दिवसांत मी सगळं नव्यानं मांडलं. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, प्रत्येक सीमेला एक मथळा. त्याखाली सरपण, चारा, मोह, तेंदूपत्ता, डिंक असा तक्ता. मागणी पहिल्याच पानावर. तिच्या नऊ पानांची चार झाली. ती चार पानं तिच्या हातात देऊन म्हणालो, "हे असं लिहायचं असतं. बघून ठेव."

तिनं पानं उलटली. "सर, माह्यं काय काय चुकलं?"

"सगळं लाल केलंय ना."

"लाल त दिसलं. काहून केलं, ते नाही समजलं."

"वाचत राहिलीस की समजेल," मी म्हणालो आणि पुढचा कागद ओढला. ती पानं घेऊन गेली. मी मान वर केली नाही.

ग्रामसभा पोडातल्या मोहाच्या झाडाखाली भरली. वाचायचं तिनं, असं मीच ठरवलं होतं. ती वाचत गेली तसे लोक एकमेकांकडे बघू लागले. पोडाचा म्हातारा नाईक तिच्या शेजारीच बसला होता. त्यानं हात वर केला.

"थांब पोरी. हे कोन्त्या गावाचं वाचून राह्यली?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पाटणबोरीचं असन!" आणि लोक हसले.

नाईक मात्र हसला नाही. "आपन पोडातून निघालो, नाल्यानं वर गेलो, मंग देवाचं झाड, मंग टेकडी. तू त आमच्यासंग चालली होती. ह्या कागदानं मी चालाले गेलो त पह्यल्याच पावलाले चुकीन. अंगठा कायवर देऊ?"

तेव्हा मला तिच्या नऊ पानांची रचना कळली. ती पायांच्या क्रमानं लिहिली होती. वाटेत जिथे मोह लागला तिथे मोह आला, म्हणून तो चार ठिकाणी होता. आज्याचं मरण नाल्यापाशी होतं कारण त्याचा दगड तिथे आहे, आणि तो दगड म्हणजेच सीमेची खूण. म्हातारी माणसं कान देऊन मनातल्या मनात ती वाट चालणार होती आणि पाऊल चुकलं की टोकणार होती. दावा तपासायची त्यांची तीच रीत. मसुद्यात मोठी उणीव होती ती एवढीच, की हे वर्णन चालण्याच्या क्रमानं आहे, हे सुरुवातीला वाचणाऱ्याला सांगितलेलं नव्हतं.

"हा क्रम असाच का ठेवलास?" एवढं मी विचारलं असतं तर तिनंच सांगितलं असतं. मग आम्ही दोघांनी मिळून वर दोन ओळी घातल्या असत्या, मागणी पुढे आणली असती, प्रत्येक मुक्कामाचा एक परिच्छेद केला असता. तक्ता शेवटी जोडला असता, समितीच्या साहेबांसाठी. अर्ध्या दिवसाचं काम, आणि ते ती आयुष्यभरासाठी शिकली असती.

ती माझ्याकडे बघत होती. 'हे मी बदललं' एवढंच मला म्हणायचं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

"माह्यंच चुकलं, बाबा," ती नाईकाला म्हणाली.

पुढच्या सभेत तिच्याच क्रमाचा मसुदा, वर दोन ओळी घालून, मी वाचला. नाईक डोळे मिटून ऐकत होता. दोनदा त्यानं टोकलं, आम्ही तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि ठराव झाला. तोवर तिचं लिहिणं थांबलं होतं. ती मुद्दे आणून द्यायची. "तुमीच लिवा, सर." उन्हाळा संपायच्या आत तिनं नोकरी सोडली.

त्यानंतर जी पोरं आली, त्यांच्या मसुद्यावर मी लाल पेन चालवत नाही. शेजारी बसवतो. आधी विचारतो, हे कोण वाचणार, वाचून त्यानं काय करावं? प्रत्येक परिच्छेद कशासाठी आहे ते एका वाक्यात तोंडी सांगायला लावतो. जिथे अडखळतात तिथे खूण करतो, दुरुस्ती त्यांनी करायची. मुलं शिकतात, मला बरं वाटतं. आणि दर वेळी शेजारच्या खुर्चीवर मला तीच बसलेली हवी असते.

मागच्या महिन्यात मी त्या पोडात गेलो आणि नाईकाला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मले कायले सांगतं? तिले सांग."

मग फोन केला. ती महागावला झेरॉक्सचं दुकान चालवते. मी थांबत थांबत सगळं सांगितलं, खोडलेल्या वाक्यामागचं कारणही. पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"लोक अर्ज लिवून मागतात, सर," ती शेवटी म्हणाली. "मी म्हनतो, लिवलेला आना, छापून देतो. माह्या हातानं लिवनं काही जमत नाही म्हनून."

पलीकडचं मशीन बंद झालं.

"चुका त तवाच दिसल्या मले, सगळं लालच होतं. त्याच्यात चांगलं काय होतं, ते सांगा ना."

मी सांगू लागलो. क्रम का बरोबर होता. नाल्यापाशी आज्याला का थांबवलं. सावलीच्या वाक्यात जागा, वेळ आणि बायांचा वापर, तिन्ही एकदम कसे आले. मग कुठे वाचणारा हरवतो, आणि तिथे एक ओळ घातली की कसा सापडतो. ती 'हं, हं' करत होती, मधे एकदा म्हणाली, "थांबा, लिवून घेतो." कुणीतरी आधारच्या दोन प्रती मागितल्या. तिनं त्याला बसायला सांगितलं.

"हे तवा सांगाले पाह्यजे होतं, सर."

"हो."

तिनं फोन ठेवला. ती पुन्हा लिहील की नाही ते मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्कही मला नाही. तरी रोज टपाल आलं की मी पाकिटांवर तिचं अक्षर शोधतो.