खोलीच्या भाड्यात गुडघा

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा गुडघा धुळ्याच्या दवाखान्यात बदलला. डावाही तितकाच झिजला होता, पण डॉक्टर म्हणाले, एक-एक करू. उजवा सावरला की सहा महिन्यांत डावा, फार लांबवू नका. अक्काने डाव्या गुडघ्यासाठी वेगळे पैसे ठेवले होते आणि त्यांना कोणीही हात लावायचा नव्हता. या गोष्टीत तिचं जे काही पणाला लागलं होतं ते हेच.

तिची पॉलिसी मीच काढून दिली होती, नऊ वर्षांपूर्वी, तीन लाखांची. मी जळगावच्या एका सरकारी कचेरीत लेखनिक होतो, त्यामुळे घराण्यात कागद म्हटला की मी. पुस्तिका मीच आणून अक्काच्या ट्रंकेत ठेवली आणि नऊ वर्षांत एकदाही उघडली नाही. दुसऱ्यांच्या फायलींत स्वल्पविराम शोधणारा माणूस मी. दिव्याखाली अंधार तो हाच.

दाखल होताना काउंटरवरच्या क्लार्कने पहिला प्रश्न केला तो दुखतं कुठे हा नव्हे. पेशंट कॅशचा की पॉलिसीचा, एवढंच त्याला हवं होतं. दुसरा प्रश्न, जनरल की स्पेशल. अक्काचं उत्तर जनरल होतं. मी म्हटलं, स्पेशल. कारण आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला सगळे भाऊबंद येतात. सोनगीरच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून ट्रॅक्स जीप भरून माणसं येतात, शहाळी आणतात, तासभर बसतात, आणि बसायला जागा नसली तर परतीच्या वाटेवर त्याचीच चर्चा करतात. जनरल वॉर्डात एका वेळी एकच माणूस सोडत. म्हणून पाच हजार रुपये रोजाची खोली मी घेतली, कॉटवर अक्का आणि सोफ्यावर भाऊबंद. बहिणीच्या गुडघ्यापेक्षा मला चार लोकांच्या बुडाची काळजी जास्त होती, हे आज लिहितानाही माझी मलाच किळस येते.

पाचव्या दिवशी सुटी मिळाली. बिल दोन लाख पंचवीस हजार. क्लार्कने सांगितलं, कंपनीने एक लाख बत्तीस हजार मंजूर केलेत, उरलेले त्र्याण्णव हजार भरा, मग पेशंट न्या. अक्का व्हीलचेअरवर बसून ऐकत होती. तिने मुलाला, माझ्या भाच्याला, फोन करून डाव्या गुडघ्याचे पैसे मागवले आणि भरले. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मग एकदाची ती पुस्तिका उघडली. खोलीचं भाडं रोज विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजार. मी घेतलेली खोली पाचाची. तीन भागिले पाच, म्हणजे साठ टक्केच मिळणार. कंपनीने हातमोजे वगैरे पाच हजारांच्या न देण्याच्या वस्तू आधी वगळल्या, आणि उरलेल्या अख्ख्या बिलाला चाळीस टक्क्यांची कात्री लावली. खोलीला लावली, ठीक, चूक माझी. पण शस्त्रक्रियेच्या फीला, ऑपरेशन थिएटरला, औषधांना, रक्ताच्या तपासण्यांना, इतकंच काय, हाडात बसवलेल्या त्या धातूच्या सांध्यालाही लावली. खोली महाग म्हणून सांध्याचे चाळीस टक्के कापले.

अक्काला हे समजावून सांगितलं तेव्हा ती वॉकर धरून ओट्यापाशी उभी होती. तिने विचारलं, "खोली मोठी लिधी म्हणीसन गोळ्या बी मोठ्या दिध्यात का?"

पुढची सगळी पत्रं मी लिहिली, पण मुद्दा तिथेच संपला होता.

पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत व्याख्या असतात. तिथे लिहिलं होतं की भाडं मर्यादेबाहेर गेलं तर कपात फक्त संलग्न वैद्यकीय खर्चाला, म्हणजे डॉक्टरांची फी, थिएटर अशांना. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेलं उपकरण आणि तपासण्या त्यात धरायच्या नाहीत. त्याच्याच खाली आणखी एक ओळ: ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपातच लागू नाही. म्हणजे कंपनीने स्वतःच छापलेलं स्वतः वाचलं नव्हतं. की वाचून, समोरचा वाचणार नाही असं धरून चालली होती? मला हे दुसरं खरं वाटतं. बहुतेक जण नऊ वर्षं ट्रंकेत ठेवतात, हे त्यांना ठाऊक असणार.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी मराठीत पत्र लिहिलं. बिलातली खाती जशीच्या तशी ठेवली, प्रत्येकापुढे कापलेली रक्कम आणि पुस्तिकेचं पान. सांधा पंच्याहत्तर हजार, कापले तीस. औषधं बावीस हजार, कापले आठ हजार आठशे. तपासण्या आठ हजार, कापले तीन हजार दोनशे. हे बेचाळीस हजार तुमच्याच व्याख्येने चुकीचे. शस्त्रक्रिया आणि भूल मिळून साठ हजार, थिएटर वीस, डॉक्टरांच्या व्हिजिट दहा. या नव्वदांतले छत्तीस हजार कापले, पण या दवाखान्यात दर सगळ्यांना एकच आहे, म्हणून तेही चुकीचे. खोलीचे दहा हजार आणि हातमोज्यांचे पाच, एकूण पंधरा, आम्हाला मान्य आहेत. बाकी अठ्ठ्याहत्तर हजार द्या. रागाची दोन वाक्यं लिहिली होती, ती कच्च्या प्रतीतच खोडली. कचेरीत तीस वर्षांत एवढं शिकलो होतो की रागावलेलं पत्र तळाला जातं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. 'पुनर्विलोकनाअंती आणि सद्भावनेपोटी' बेचाळीस हजार देण्यात येत आहेत. छत्तीस हजार मात्र दर समान असल्याच्या पुराव्याअभावी नामंजूर. सद्भावना! खिशात घातलेला हात पकडल्यावर पाकीट परत करावं आणि वर आशीर्वाद द्यावा, तसं ते वाचून वाटलं. अक्का म्हणाली, बाकीचे आल्याशिवाय डावा गुडघा नाही, आता परत कापलं तर मी कुठून आणू. डाव्या पायावर ती लंगडायला लागलीच होती.

पुरावा म्हणजे दवाखान्याचं पत्र. मी जळगावहून बसने धुळ्याला गेलो. त्याच क्लार्कला म्हटलं, शस्त्रक्रियेची फी जनरलला आणि स्पेशलला एकच आहे, एवढं लेटरहेडवर द्या. तो म्हणाला, फी एकच आहे, पण असं आम्ही लिहून देत नाही. का, तर उद्या कंपनीवाले आमच्या मागे लागतील. जे तोंडाने सांगतोस ते कागदावर का नको, विचारलं तर तो मोबाईलमध्ये बघायला लागला. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, काका, तुमचं वय झालं, सोडून द्या. बसस्टँडवर येईपर्यंत त्या चहाची चव जिभेवर कडू राहिली.

इलाज अक्काने काढला, आणि तो असा की मला लाज वाटावी. दाखल झाली त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जनरल वॉर्डात होती, स्पेशल खोली रिकामी व्हायची होती तेव्हा. शेजारच्या कॉटवर धुळ्याच्याच एका फर्निचर बनवणाऱ्या कारागिराची बायको होती. तिचाही उजवाच गुडघा, डॉक्टर तोच, अक्काच्या आदल्या दिवशी. ती शेवटपर्यंत जनरललाच राहिली. मी भाऊबंदांसाठी शहाळी फोडत होतो तेव्हा अक्का रोज सकाळी व्हीलचेअरवर बसून तिच्याकडे गप्पा मारायला जात होती. फोन नंबर अदलाबदल झाले होते. अक्का म्हणाली, "तिनं बिल पाय. तठे फी लिखेल व्हई." म्हणजे तिचं बिल बघ, तिथे फी लिहिलेली असेल.

मी त्यांच्या घरी गेलो. पुढे कारखान्याची खोली, मागे राहण्याची. कारागीर अर्धवट रंधा मारलेली लाकडाची पट्टी बाजूला ठेवून आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बिल घेऊन आला. जनरल वॉर्ड, रोज नऊशे. सांधा वेगळ्या कंपनीचा, स्वस्तातला. पण शस्त्रक्रिया आणि भूल साठ हजार, थिएटर वीस हजार, व्हिजिट दहा हजार. आकडान् आकडा अक्काच्या बिलाचा. क्लार्कने जे लिहून दिलं नाही ते दवाखान्याने आधीच छापून ठेवलं होतं. त्या बाईने झेरॉक्स काढू दिली, आणि हे बिल दाखवायला माझी हरकत नाही असं खाली लिहून सही केली. मी विचारलं, भीती नाही ना वाटत. तिने हात हलवला, बस म्हणाली, चहा होतोय.

दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लहान होतं. दोन्ही बिलं सोबत जोडली, तीन ओळींखाली रेघ मारली, आणि शेवटी लिहिलं की पंधरा दिवसांत निर्णय न झाल्यास विमा लोकपालाकडे तक्रार करत आहे. अकराव्या दिवशी छत्तीस हजार अक्काच्या खात्यात आले. चूक झाली, हा शब्द कुठेही नव्हता. या वेळी सद्भावनाही नव्हती, तेवढं बरं वाटलं. अक्काने डाव्या गुडघ्याची तारीख घेतली.

पेढे घेऊन मी त्या कारागिराकडे गेलो. त्याची बायको पलंगावर बसली होती. उजवा पाय सरळ खाली, डावा स्टुलावर लांब केलेला, गुडघ्याभोवती गरम पाण्याची पिशवी. अक्काचं सगळं सांगितलं, ती मनापासून खूश झाली. मग मी विचारलं, तुमच्या डाव्याचं कधी? उजव्याचे पैसे दोन्ही मुलींनी आणि जावयांनी मिळून भरले होते, हे मला तेव्हा कळलं. पॉलिसी कधी काढलीच नव्हती.

ती म्हणाली, "भाई, तुमचं बरं आहे. तुम्हाला भांडायला समोर कोणी तरी आहे."

कारागिराने पेढा अर्धा करून तिच्या हातावर ठेवला. माझ्या पिशवीत तिच्या बिलाची जास्तीची झेरॉक्स होती, ती परत द्यायला आणली होती. मी ती पुन्हा वाचली, प्रत्येक खातं, प्रत्येक आकडा, कुठे काही चुकीचं कापलंय का ते बघत. तिला कोणी काहीच दिलं नव्हतं, म्हणून कापलेलंही काही नव्हतं. तिच्यासाठी पत्र लिहायचं म्हटलं तर मायना कोणाच्या नावाने घालायचा, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतरही सुचलं नाही.