राजीनाम्याखालची ओळ

शीतगृहात तिला सगळे बॉयलर म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. उणे अठरा अंशांच्या खोल्या सांभाळणारी मुख्य इंजिनिअर बाई एवढी तापट, याची नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात गंमत वाटे. दुसऱ्या आठवड्यात तो शहाणा होई.

मालकाने शीतगृह एका मोठ्या कंपनीला विकायला काढलं, तेव्हा तिच्यासकट पाच जणांना पत्रं मिळाली. यांच्यावाचून काम अडेल, म्हणून यांना बोनस देऊन धरून ठेवायचं. अर्धा विक्री पूर्ण होईल त्या दिवशी, उरलेला त्यानंतर वर्षभर टिकल्यावर. कंपनीने विनाकारण काढलं तर सगळा. पण वर्षाच्या आत स्वतःहून राजीनामा दिला, तर घेतलेला अर्धा परत करायचा, तोही कर कापण्याआधीचा आकडा. म्हणजे जे पैसे हातात पडलेच नाहीत तेसुद्धा पदरचे भरायचे. हे वाचून ती तेव्हाच भडकली होती. तरी सही केली, कारण आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पैशांपायी अडली होती. पहिला हप्ता आला तसा इस्पितळात गेला. आई आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि लेकीच्या कंपनीचं कौतुक करते.

विक्री झाली, फाटकावर नवी पाटी लागली. माणसं मात्र महिनाअखेरीपर्यंत जुन्या कंपनीच्याच पटावर होती. शेवटच्या दिवशी एचआरचा मॅनेजर दोन कागद घेऊन यंत्रघरात आला. त्याच्या मऊ बोलण्यामुळे त्याला मखमल म्हणत.

"ताई, इथे एक सही आणि इथे एक. जुन्या कंपनीचा राजीनामा, नव्या कंपनीची नेमणूक. नुसती फॉर्मॅलिटी. बाकीच्यांनी सकाळीच कँटीनमध्ये केल्या."

तिने हात पुसले आणि वाचलं. 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' तिचं डोकंच फिरलं.

"स्वेच्छेने? माझी इच्छा कुणी विचारली? राजीनामा दिला की पैसे परत, असं तुमचंच पत्र सांगतं. आणि या नेमणुकीत बोनसचा शब्द नाही. उद्या नव्या साहेबाने काढलं तर मी कुणाच्या दारात उभी राहू?"

"अगं, असं कोण करतंय?"

"मग लिहून द्या. कंपनीच्या सांगण्यावरून ही बदली, नोकरी अखंड धरली जाईल आणि बोनसचं पत्र नव्या कंपनीवर बंधनकारक राहील. एवढी एक ओळ."

"वकिलांचा मसुदा आहे, ताई. त्यात काना-मात्रा बदलता येत नाही."

"मग सहीही होत नाही."

घरी आई म्हणाली, "करून टाक ना बाई, कशाला वैर?" त्या गुडघ्यांकडे बघून तिला आणखीच चीड आली. ती आईवर ओरडली आणि मग तिनेच वॉकर उचलून आईच्या हाताशी आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेला मोठा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा होता. मालाचे ट्रक फाटकाशी उभे होते, आणि जबाबदार इंजिनिअर म्हणून तिची सही झाल्याशिवाय यंत्राला हात लावायची सोय नव्हती. नवा साहेब फॉर्म घेऊन स्वतः खाली आला.

"यंत्र ठीक आहे ना? मग सही करा."

"यंत्र ठणठणीत आहे. पण ते तुमच्या कंपनीचं, आणि मी तुमच्या कंपनीची कर्मचारी नाही. परक्याच्या यंत्राची जबाबदारी मी कशी घेऊ?"

"ही अडवणूक आहे."

"अडवणूक काल झाली. आज मी नुसती बसलेय."

आणि ती खरंच बसली, लोखंडी स्टुलावर, हाताची घडी घालून. तिच्या हाताखालचा ऑपरेटर, ज्याला ती काका म्हणे, पलीकडे मान खाली घालून उभा होता. बोनसचं पत्र त्यालाही होतं, आणि त्याने काल न वाचताच सही केली होती. त्याच्यावर रागवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तो रागही तिने साहेबाच्या खात्यावर टाकला.

दुपारी मखमल खाली आला. वकिलांच्या मसुद्यात ती ओळ आली होती, खाली कंपनीचा शिक्का.

"घे बाई. झालं तुझ्या मनासारखं."

"काकांचा कागद कुठेय? बाकीच्यांचे?"

"त्यांच्या सह्या झाल्यात. तो विषय संपला."

"मग माझाही संपला. ट्रक परत पाठवा."

मखमल वर निघून गेला. तासाभराने तो परत आला, कागदांचा गठ्ठा घेऊन. तिने एकेक करून वाचले; प्रत्येकात ती ओळ होती. काकांचा, इलेक्ट्रिशियनचा, गोदामवाल्याचा, तिचा स्वतःचा. शेवटचा एक उरला. त्यावरचं नाव वाचून तिने मान वर केली.

"हा तुझा?"

"मलाही पत्र मिळालं होतं," तो म्हणाला. आवाजातली मखमल कुठल्या कुठे गेली होती. "काल सगळ्यात आधी सही मीच केली. सगळ्यांना दाखवायला."

"वाचलं होतंस?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून.

ओठांवर आलेली शिवी तिने कशीबशी गिळली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"आधी वाच. मोठ्याने वाच. काकांनाही ऐकू दे."