जाहिरात न दिलेल्या जागेसाठी अर्ज

नवरा गेल्यानंतर त्याचा ईमेल मी रोज सकाळी चहाबरोबर वाचत असे. बँकेने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. बाटल्यांच्या व्यापाऱ्याने नवे दर कळवले. माणूस गेल्याचे ज्यांना कोणी सांगितलेले नसते, ते त्याच्याशी पूर्वीसारखेच वागतात. मला ते बरे वाटे.

त्यातच एका मुलीचा मेल आला. विषयाच्या ओळीत लिहिले होते : 'अन्नतंत्र, अंतिम वर्ष : एप्रिल-मे इंटर्नशिपसाठी विनंती'. आमची जाहिरात नव्हती. वालावलला घरामागच्या शेडमध्ये आम्ही कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घालून काढलेला रस, करतो. तिथे रिक्त जागा ही कल्पनाच नाही. तिलाही ते ठाऊक होते. 'आपल्याकडे जागा जाहीर झालेली नाही याची कल्पना आहे,' असे तिने दुसऱ्याच वाक्यात लिहिले होते.

पुढे मुद्दा होता. आमच्या वेबसाइटवर 'रंग घालत नाही' असे वाचून तिला प्रश्न पडला होता, की मग आगळाचा लाल रंग बाटलीत किती टिकतो? उष्णतेने आणि उजेडाने तो तपकिरी होत जातो, ते मोजण्याचा तिचा प्रकल्प होता. हंगामात दोन महिने ती शेडमधले पडेल ते काम करणार होती आणि उरलेल्या वेळात मोजमाप. मानधनाची अपेक्षा नव्हती. सोबत एका पानाचा बायोडेटा.

दिवाळीपर्यंत आगळ काळवंडते म्हणून नवरा दर वर्षी चिडायचा. मी मेल दिराला वाचून दाखवला. शेड आता तोच बघतो.

"वयनी, आमच्या कारखान्यात चार बायल्यो नि एक मांजर," तो म्हणाला. "थंय ह्या चेडवाक काय शिकवतलंस?"

"ती मोजणार आहे."

"मांजराक?"

मग तो गंभीर झाला. भावाचे वर्ष सरायच्या आधी घरात नवे काही सुरू करू नये, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, हे नवे नाही, ही नवऱ्याचीच जुनी तक्रार आहे. यावर तो मांजराला हाकलायला गेला.

मी तीन ओळींचे उत्तर लिहिले. या, राहायची सोय घरीच होईल, कोकमे एप्रिलच्या मध्याला येऊ लागतात. पाठवले. पाठवल्यावर दिसले, की माझ्या ओळींखाली नवऱ्याचे नाव, 'मालक' हा हुद्दा आणि त्याचा मोबाइल नंबर आपोआप छापला गेला आहे. ती सोय त्यानेच करून ठेवली होती.

दिराला सांगितले.

"माझ्या भावान मेल्यावर पण माणूस कामाक लावल्यान," तो म्हणाला.

संध्याकाळी मुलीचे उत्तर आले. 'सर, मनापासून आभार.' कॉलेजला संस्थेच्या लेटरहेडवर सरांच्या सहीचे स्वीकृतीपत्र शुक्रवारपर्यंत हवे होते. ते न मिळाल्यास इंटर्नशिपचे गुण जातील आणि निकाल अडकेल. बाकी ठिकाणांहून तिला उत्तरच आले नव्हते.

"सही मी करतंय," दीर म्हणाला. "त्येची सही सोपी. शाळेत असताना प्रगतिपुस्तकार बाबांची करी होतंय, ही तर त्याहून सोपी."

"नको."

"मगे चेडवाचा वर्स फुकट जाऊक दे?"

धंद्याचे कागद माझ्या नावावर होऊन महिना झाला होता, पण एकाही कागदावर मी अजून सही केली नव्हती. लेटरहेड नवे केले, त्यावर पत्र टाइप केले. मुलीचे नाव, कॉलेज, कालावधी, कामाचे स्वरूप, देखरेख कोणाची, हे सगळे घातले. देखरेखीच्या जागी दिराचे नाव लिहिले, तेव्हा त्याने शर्ट बदलला. खाली मी सही केली, शिक्का मारला.

पत्र जोडून मी मुलीला लिहिले : 'तुम्ही ज्यांना लिहिलेत ते माझे पती. ते गेल्या वर्षी वारले. आधीचे उत्तर माझे होते, खाली नाव त्यांचे राहून गेले. आता यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही आले नाही. दीर दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मेल आला होता. मॅडम, ऐकून वाईट वाटले. पत्र कॉलेजने स्वीकारले आहे. मी येते. एक विनंती : सरांनी केलेल्या गेल्या हंगामातल्या काही बाटल्या शिल्लक आहेत का? असल्यास तुलनेसाठी उघडाव्या लागतील.

होत्या. मी त्या विकल्या नव्हत्या. का ते कोणी विचारले नव्हते. 'आहेत, उघडू,' असे मी कळवले.

दीर शेडमध्ये गेला. खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या त्या बाटल्या एकेक करून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊ लागला.

"चेडू येयपर्यंत उरलेलो रंग जावक नको," तो म्हणाला.