आईंनी बंद करवलेली गोळी

साखरेची, म्हणजे डायबेटिसची, गोळी हा आमच्या घरात सासूबाईंचा मान होता. पंधरा वर्षं त्या ती घेत होत्या. म्हणून पुण्याहून म्युनिकला आमच्याकडे राहायला आल्या आणि ड्रॉवरमध्ये त्याच गोळीची माझी स्ट्रिप बघितली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, तुला शुगर आहे? लग्नाआधी बोलला नाहीत तुम्ही लोक!"

मला शुगर नव्हती. मला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा त्रास, होता. वर्षातून जेमतेम तीनदा पाळी, हनुवटीवर केस, आणि सहा वर्षं "काही गुड न्यूज?" ऐकायची. माझ्या फ्राउएनएर्त्स्टिन, म्हणजे बायकांच्या डॉक्टरीणबाई, मोजून बोलणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं, की मेटफॉर्मिन, म्हणजे ही गोळी, सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. तुमचं वजन जास्त आहे, साखर काठावर आहे, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून तुम्हाला उपयोग व्हायची शक्यता बरी. अंडं बाहेर पडायला मदत होईल, पण त्यासाठी हिच्याहून जास्त कामाची दुसरी गोळी आहे, ती पुढची पायरी. जादूबिदू नाही. अर्ध्या डोसने सुरू करा, आणि पोटभर जेवणाबरोबरच घ्या.

हे सगळं मी आईंना समजावलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं, आता संकष्टी धर." धरली. नाही म्हणायची धमक कुठे होती माझ्यात? चंद्रोदयापर्यंत उपास, आणि मी शहाणीने सकाळची गोळी नुसत्या कोऱ्या चहावर घेतली. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, पोटात जी कळ आली! त्या गाडीत टॉयलेट नसतं. मधल्याच स्टेशनवर उतरले आणि घाम पुसत, ढसाढसा रडत टॉयलेट शोधलं. जुलाब, मळमळ, तोंडाला लोखंडाची चव. डॉक्टरीणबाईंनी सावकाश विरघळणारी गोळी दिली, तेव्हा कुठे ऑफिसात टिकले.

पण पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. रक्त तपासून बाई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, या वेळी अंडं सुटलंय." दुसऱ्या गोळीची वेळच आली नाही. टेस्टवर दोन रेषा उमटल्या.

गोळी चालू ठेवायची का, हे मी विचारलं. बाई म्हणाल्या, "यावर एकमत नाही. सुरुवातीचे महिने घेतली तर गर्भपात कमी होतात असं काही ठिकाणी दिसतं, पक्कं म्हणता येत नाही. बाळाच्या जिवाला धोका दिसत नाही. तुमच्या बाबतीत मी पहिले तीन महिने चालू ठेवीन."

घरी आईंनी स्ट्रिप उचलून कचऱ्यात टाकली. "पोटात जीव आणि वर औषधं? मी दोन बाळंतपणं बिनगोळीची केली." नवरा म्हणाला, "आई म्हणते तर नको घेऊस ना." मी मान हलवली. आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसच्या कँटीनमध्ये, जेवणाबरोबर, दुसऱ्या स्ट्रिपमधली गोळी घेत राहिले. एक दिवस चुकवला नाही.

आठव्या आठवड्यात ठोका नव्हता.

बाईंनी हात धरला. म्हणाल्या, बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, तुम्ही काही केलं म्हणून नाही, केलं नाही म्हणूनही नाही. गोळी हमी देत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी "आल्झो, बरं, ठीक आहे" म्हणून बाहेर आले. काय ठीक होतं, डोंबल?

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं आईंवर काढलं. "डॉक्टर चालू ठेवा म्हणत होत्या! तू बंद करायला लावलीस!" सहा वर्षांत तो माझ्या बाजूने पहिल्यांदा बोलत होता. आई सोफ्याच्या कडेला बसून पदर तोंडाला लावून रडत होत्या. माझ्या ओठांवर आलं होतं, की अहो, थांबा, मी घेतच होते, यात आईंचा काही संबंध नाही. एवढंच बोलायचं होतं. मी बोलले नाही. सहा वर्षांचे टोमणे गिळले होते मी, मला एकदा त्यांना ऐकून घेताना बघायचं होतं. आणि खरं सांगते, बरं वाटलं.

त्यांनी तिकीट बदलून घेतलं. विमानतळावर माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "चुकलं गं माझं. तुझं लेकरू मी घालवलं."

"जाऊ द्या आई," मी म्हणाले.

मी माफ केलं असं समजून त्या माझ्या गळ्यात पडल्या.