ऑफिसच्या संगणकावरचं घर

कर्वेनगरला आमच्या कंपनीत आरोग्य विम्याचे दावे तपासायचं काम चालायचं. लोकांचे आजार, रिपोर्ट, हॉस्पिटलची बिलं, सगळं आमच्या पडद्यांवरून जायचं. म्हणून नियम कडक. आत शिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, कार्ड लावायचं आणि मगच दार उघडायचं. मी संगणक विभागात होते. कोणाला कुठल्या फाइली दिसाव्यात, कुठल्या वेबसाइट उघडाव्यात, कोण कधी लॉगिन झालं, हे सगळं सांभाळणं माझं काम. संगणक कसा वापरायचा याची नियमावली कामाला लागतानाच प्रत्येकाला वाचायला देत आणि खाली ‘मान्य आहे’ वर क्लिक करून घेत. वाचत कोणीच नव्हतं. तसं मी म्हटलं तर लोक हसत.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना काका म्हणत. बायपासचं बिल असो की मोतीबिंदूचं, त्यांनी बाजूला काढलेल्या दाव्यात हमखास काहीतरी गडबड निघायची. धायरीहून स्कूटरवर येत, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत आणि डबासुद्धा तिथेच खात. बोलणं मोजकं. कोणी फार चौकशी केली तर “का, जाहिरात द्यायची आहे का पेपरात?” असं विचारून गप्प करायचे.

एका सोमवारी इंटरनेट वापराचा रिपोर्ट बघताना त्यांच्या संगणकावरून दिवसभर व्हिडिओ येतोय असं दिसलं. जेवणाच्या सुट्टीत बँकेचं काम किंवा रेल्वेचं तिकीट एवढं खासगी काम चालायचं, नियमावलीत तशी सवलतच होती. व्हिडिओ बघायची मात्र कोणालाच परवानगी नव्हती. मला वाटलं, क्रिकेट असेल. मी त्यांच्या टेबलाशी गेले.

“काका, मॅच बघताय का?”

त्यांनी चटकन ती चौकट लहान केली, पण तेवढ्यात मला दिसलं. एक खोली, एक दिवाण आणि दिवाणावर बसून साडीच्या काठाची पुन्हा पुन्हा घडी घालणारी बाई.

“माझी बायको,” ते हळू आवाजात म्हणाले. “घरात कॅमेरा लावलाय. मोबाइल तुम्ही बाहेर ठेवायला लावता. मग कुठे बघू?”

हळूहळू कळलं ते असं. तिला दोन वर्षांपासून विसरायला होत होतं. आधी गॅस, मग किल्ली, मग माणसं. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जायची. दुपारी घरात दुसरं कोणी नसायचं. मुलगा परदेशात. बहीण शनिवार पेठेत, पण तिचे स्वतःचेच गुडघे गेलेले.

मी म्हटलं, “काका, सवलत मागता येते. मॅनेजरला अर्ज द्या. कारण लिहा. मॅनेजरने सही केली की ती एक साइट मी तुमच्यासाठी उघडी ठेवीन, किंवा ते तुम्हाला मोबाइल आत न्यायची परवानगी देतील.”

“कारण काय लिहू?”

“जे आहे ते.”

त्यांनी ती चौकट पूर्ण बंद केली. मग म्हणाले, “ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. या मजल्यावर निम्म्या लोकांनी तिला गणपतीत घरी आल्यावर पाहिलंय. उद्यापासून सगळे मला विचारणार, आज वहिनी कशा आहेत? आज ओळखलं का? नको.”

मी दोनदा समजावलं. त्यांनी अर्ज दिला नाही. व्हिडिओ थांबेना, तेव्हा रिपोर्ट सुरक्षा प्रमुखांकडे गेला. त्यांनी काकांना बोलावून लेखी ताकीद दिली आणि ती साइट बंद करायला मला सांगितलं. मी ती बंद केली. काकांच्या पडद्यावर ‘ही साइट कंपनीच्या धोरणानुसार बंद आहे’ अशी लाल पट्टी दिसायला लागली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

त्यानंतर ते दर तासाला लॉकरपाशी जाऊन मोबाइल बघून यायचे. कामाला उशीर होऊ लागला. शेजारच्या टेबलावर यवतमाळकडची एक मुलगी बसायची, दोनच वर्षं झाली होती तिला नोकरीला लागून. काम तिला काकांनीच शिकवलेलं. ती त्यांच्या उरलेल्या फाइली वाटून घ्यायला मागायची, तर ते म्हणायचे, “तुझं तू बघ.”

पुढच्या महिन्यात एका दुपारी रिसेप्शनवर फोन आला. धायरीच्या शेजाऱ्यांचा. वहिनी घरात नाहीत, दार सताड उघडं आहे. काका उठले, तसेच जायला निघाले आणि दोन पावलं जाऊन परत फिरले. संध्याकाळपर्यंत सहा दावे पाठवायचे होते, आणि उशीर झाला तर आधीच्या ताकिदीत भर पडणार होती. ते त्या मुलीला म्हणाले, “माझ्या नावाने लॉगिन कर. एवढे सहा पाठव.” कागदाच्या चिटोऱ्यावर पासवर्ड लिहिला आणि गेले.

वहिनी सापडल्या. सिंहगड रस्त्याला लागायच्या आधी, एका रंगाच्या दुकानात खुर्चीवर बसून होत्या. दुकानदाराने त्यांना पाणी दिलं होतं. त्या त्याला सांगत होत्या, शाळेची रिक्षा आली नाही.

इकडे त्या मुलीने सहाही दावे नीट तपासून पाठवले. एकाही आकड्यात चूक नव्हती, हे मी नंतर स्वतः पाहिलं. पण दाराच्या कार्डाची नोंद आणि लॉगिनची नोंद दर आठवड्याला जुळवली जाते. ज्या विमा कंपनीचं काम आम्ही करायचो, तिच्या करारातच ते होतं. दारावरच्या नोंदीप्रमाणे माणूस बाहेर गेलेला आणि त्याच्याच नावाने आत काम चालू, तेही दुसऱ्याच संगणकावरून. ही जुळणी माझ्याकडेच होती. रिपोर्टमध्ये ती ओळ लाल रंगात आली. जसा आला तसा मी तो पुढे पाठवला.

दोघांचेही लॉगिन त्याच दिवशी बंद झाले. दोघांना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. नियमावलीत स्पष्ट होतं: पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, वरिष्ठांनाही नाही, संगणक विभागालाही नाही. दुसऱ्याच्या नावाने काम करणं हाही तितकाच मोठा भंग. शिक्षा ताकिदीपासून नोकरी जाईपर्यंत.

चौकशीच्या खोलीत मनुष्यबळ विभागाच्या मॅडम, सुरक्षा प्रमुख आणि दुसऱ्या विभागाचे एक मॅनेजर असे तिघे होते. नोंदी समजावून सांगायला मी. आधी ती मुलगी आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, “सर, काकांनी नाही सांगितलं. मीच मागितला पासवर्ड. त्यांच्या घरी तसं झालं होतं ना, म्हणून.”

मग काका आले. त्यांना तिचं म्हणणं वाचून दाखवलं.

“खोटं बोलतेय ती,” काका म्हणाले. “मी दिला. ती नको म्हणत होती, मी जवळजवळ रागावलो तिच्यावर. मोठ्या माणसाने सांगितल्यावर या वयाची मुलगी काय करणार?”

सुरक्षा प्रमुखांनी विचारलं, “नियम माहीत होता?”

“पाठ होता. नव्या मुलांना मीच शिकवतो.”

“मग?”

“मग काही नाही. घरी जायचं होतं.”

आधीच्या ताकिदीची फाइलही टेबलावर होती. कंपनीचं सॉफ्टवेअर नियमभंग दिसला की पडद्याचं चित्र आपोआप घेतं. तशी नियमावलीत सूचना आहे. त्या चित्रांचे छापील कागद फाइलमध्ये लावलेले होते. मनुष्यबळाच्या मॅडमनी पुरावा म्हणून पान उलटलं, आणि काकांच्या समोर त्यांचीच खोली आली. वहिनी दिवाणावर, पदर खाली पडलेला, केस सुटलेले, तोंड कॅमेऱ्याकडे.

काकांनी हात पुढे करून तो कागद पालथा केला.

“हे कोणी कोणी पाहिलं?” त्यांनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. “तू सांग.”

मी सांगितलं. मी, सुरक्षा प्रमुख आणि आता या खोलीतले.

“पुसता येईल?”

“चौकशीचा पुरावा आहे, काका. मुदत संपेपर्यंत ठेवावा लागतो. पण दुसरं कोणी उघडणार नाही असं कुलूप मी लावू शकते.”

“बरं,” ते म्हणाले. “लाव.” मग मॅडमना म्हणाले, “मी अर्ज द्यावा, असं हिने मला सांगितलं होतं. ते लिहून घ्या. नाहीतर म्हणाल, हिने सांगितलंच नाही.”

निर्णय आठवड्याने आला. मुलीला अंतिम ताकीद आणि त्या विमा कंपनीच्या कामावरून बदली. काकांचा हा दुसरा भंग होता. करारामुळे त्यांना ठेवता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता त्यांचा. इतकी वर्षं पाहून काढून टाकण्याऐवजी राजीनामा देण्याची मुभा दिली. काकांनी उभ्याउभ्याच तो लिहिला. कार्ड परत करायला ते माझ्या टेबलाशी आले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “राहू दे. तुझं काम तू केलंस. माझं काम मी केलं नाही, एवढाच फरक.” यात उपरोध होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही.

नियमावली नंतर सुधारली. घरी आजारी माणूस असलेल्यांसाठी मजल्याच्या दारापाशी एक फोन ठेवावा, तातडीचा निरोप आत लगेच पोचवावा, असं एक कलम आलं. अर्जात कारण लिहायची सक्ती काढली. मनुष्यबळ विभागाला तोंडी सांगितलं तरी चालेल. सगळ्यांना पुन्हा ‘मान्य आहे’ वर क्लिक करायला लावलं. या वेळी लोक वाचत होते. ती मुलगी सगळ्यात उशिरापर्यंत पडद्यासमोर बसून होती. नंतर दोन-तीन महिन्यांतच ती नोकरी सोडून यवतमाळला परत गेली.

दिवाळीनंतर मी धायरीला काकांकडे गेले. इमारत तिसऱ्या गल्लीत, दारावर आतून वरच्या बाजूला बसवलेली नवी कडी. काकांची दाढी वाढलेली. म्हणाले, “ये. कॅमेरा काढून टाकलाय. आता मीच आहे.”

वहिनी दिवाणावर होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. “वही आणलीस का?” त्यांनी विचारलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, काही बोलू नकोस अशी.

“विसरले, बाई,” मी म्हटलं.

“उद्या आण,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा साडीच्या काठाला लागल्या.

काकांनी चहा केला. साखर घालायची राहून गेली होती, मी तसाच प्यायले. ते सांगत होते की ती दिवसा झोपते, रात्री फिरते, कधी कधी त्यांनाच घरमालक समजते. “कालपासून मला अहो म्हणायचं सोडून सर म्हणतेय,” ते म्हणाले आणि कप धुवायला उठले.

मी निघाले तेव्हा ते खाली रिक्षापर्यंत येतो म्हणाले, पण दाराशीच थांबले. आतून वहिनी हाक मारत होत्या, कोणाला ते कळत नव्हतं. काकांनी दार लोटलं. जिना उतरताना वरच्या कडीचा आवाज मला ऐकू आला.