परवाना माझ्या नावे होणेबाबत

गादीवाल्या मावशी वाचायच्या, पण सावकाश, ओळीखाली बोट धरून. चौथीनंतर शाळा सुटली आणि लग्नानंतरची अठ्ठावीस वर्षं हातात पेनापेक्षा दाभणच जास्त राहिलं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. पुढे टेबल, मागे कापूस पिंजायचं यंत्र आणि त्याच्याही मागे छताला टेकतील इतके कापसाचे गठ्ठे. यंत्र चालवणं, खोळ भरणं, टाके घालणं मावशींकडे. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि सरकारी कागद यजमानांकडे. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती. ती आपोआप पडत गेली होती.

यजमानांना जाऊन आठ महिने झाले तेव्हा, भिंतीवरची धूळ झटकताना मावशींची नजर चौकटीतल्या परवान्यावर गेली. त्यांनी काचेवर बोट फिरवत वाचलं. मुदत मार्चअखेर संपत होती. फेब्रुवारी निम्मा सरला होता. कापूस साठवायचा तर नगरपालिकेचा परवाना हवाच, एवढं त्यांना ठाऊक होतं. तो कसा मिळतो, ते मात्र यजमान सोबत घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्या नगरपालिकेत गेल्या. फाटकाशी पत्र्याच्या शेडमध्ये एक टायपिंगवाले काका बसत. तीस वर्षांत त्यांनी एवढे अर्ज बडवले होते, की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्यांचा कागद तयार होई.

"परवाना नूतनीकरण ना? जुना दाखवा," म्हणत त्यांनी नाव, क्रमांक, पत्ता उतरवला आणि पाच मिनिटांत कागद पुढे केला. "इथे सही."

मावशींनी बोट धरून वाचायला सुरुवात केली. मागे उभ्या माणसानं दोनदा खाकरून दाखवलं, तरी त्यांचं बोट आपल्याच चालीनं सरकत राहिलं. तिसऱ्या ओळीवर ते थांबलं.

"काका, इथे 'मी सदर व्यवसाय करीत असून' असं लिहिलंय, आणि नाव यांचं. ते आता नाहीत."

"अहो, परवाना त्यांच्याच नावे आहे ना? मग अर्जही त्यांच्याच नावे. तुम्ही त्यांच्या नावाची सही ठोका. सगळे तेच करतात. खरं सांगायला गेलात तर वारसाचं प्रकरण उभं राहील. सरकारी काम, सहा महिने थांब!"

मावशींनी पेन हातात घेतलं. यजमानांची सही त्यांना डोळे मिटूनही काढता आली असती, इतक्या वेळा पाहिली होती. पण ते अजून आहेत, दुकानात बसतात, असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं? त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नको काका. तुमचे कष्टाचे पैसे घ्या, पण ही सही माझ्यानं होणार नाही."

परवाना विभाग पहिल्या मजल्यावर होता. टेबलाशी चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक लिपिकबाई होत्या. मावशींनी एका दमात सगळं सांगून टाकलं, सहीचंसुद्धा. लिपिकबाईंनी चष्मा नाकावर आणला.

"बरं झालं नाही केलीत. उद्या तपासणीत कळलं असतं तर परवानाच रद्द झाला असता. मृताच्या नावे नूतनीकरण होत नाही, मावशी. आधी वारस म्हणून परवाना तुमच्या नावे करायचा, त्यासोबतच नूतनीकरण मागायचं. अर्ज एकच चालेल. वारस कोण कोण?"

"मी आणि माझी लेक."

"मग लेकीचं संमतीपत्र जोडा. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, जागामालकाचं ना-हरकत पत्र, कर भरल्याची पावती, तुमचं ओळखपत्र. आणि दुकानात आग विझवायचं सिलिंडर आहे ना? निरीक्षक येऊन बघतील. मुदत संपायच्या आत आणा, म्हणजे दंड नाही."

"अर्ज टाइप केलेलाच लागतो का हो?"

"वाचता आला म्हणजे झालं."

लेक दुसऱ्या गावी रुग्णालयात परिचारिका होती. सुट्टीच्या दिवशी ती संमतीपत्र घेऊनच आली. दुपारी दोघी मायलेकी नव्या गादीवर बसल्या, मध्ये कोरे कागद.

"आई, तू सांग, मी लिहिते."

"तू सांग. लिहिणार मी."

लेक सांगू लागली. प्रति, मा. परवाना अधिकारी. विषय: पतीच्या निधनानंतर परवाना माझ्या नावे होणेबाबत व त्याचे नूतनीकरण मिळणेबाबत. 'नूतनीकरण' लिहिताना मावशींचे तीन कागद वाया गेले.

"शेवटी लिही, कळावे."

"आणि त्यांना नाही कळलं तर?"

लेक हसून गादीवर आडवी झाली. "अगं, तशी पद्धत असते! खाली 'आपली विश्वासू' लिही."

"त्यांची-माझी ओळख ना पाळख. विश्वासू कशी?"

"अर्जात खरं लिहिलंयस ना? मग विश्वासूच."

मधला मजकूर मात्र मावशींनी कुणाला सांगू दिला नाही. पेनाचं टोक ओठाला लावून एकेक शब्द जुळवत त्यांनी लिहिलं: 'सदर दुकानात गेली अठ्ठावीस वर्षे गाद्या मी स्वतः तयार करीत आहे. पतीच्या निधनानंतर व्यवसाय मी एकटी चालवीत आहे. तरी परवाना माझ्या नावे करून नूतनीकरण करून मिळावे, ही नम्र विनंती.'

लेकीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "यातलं एक अक्षर बदलू नकोस," ती म्हणाली आणि तिनं अर्जाला आपलं संमतीपत्र टाचलं.

लिपिकबाईंनी अर्ज घेतला, जोडलेले कागद एकेक करून पाहिले आणि मावशींच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला. "ही जपून ठेवा. विचारायला याल तेव्हा हाच क्रमांक सांगायचा."

बाराव्या दिवशी निरीक्षक आले. सिलिंडरची तारीख बघितली, वायरी बघितल्या, आणि यंत्राला खेटून रचलेल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. "हे इथून हलवा. ठिणगी उडाली तर संपलं सगळं. परवा परत येतो." मावशींनी त्याच दिवशी गठ्ठे पलीकडच्या भिंतीशी नेले. दुसऱ्या भेटीत निरीक्षकांनी अनुकूल शेरा लिहिला, आणि जाता जाता सासूबाईंच्या पाठदुखीसाठी कडक गादी कधी मिळेल, तेही विचारून गेले.

"परवाना हातात पडल्यावर," मावशी म्हणाल्या. "आधी नाही."

मुदतीला चार दिवस उरले असताना परवाना मिळाला. धारकाच्या रकान्यात मावशींचं पूर्ण नाव छापलेलं होतं. त्यांनी ते बोट न धरता वाचलं. जिन्यात थांबून लेकीला फोन केला, तर तिकडून आधी ओरडणंच ऐकू आलं आणि मग, "आई, नीट वाचून दाखव ना!" मावशींनी जिन्यातच मोठ्यानं वाचून दाखवलं. येणारेजाणारे बघत होते. बघेनात का.

आठवड्यानं पाटी रंगवणारा आला. यजमानांच्या नावाच्या पाटीचा रंग पार उडाला होता. "मावशी, आता तुमचंच नाव घालू का?"

मावशींनी दाभणात दोरा ओवला. "पाटीवर त्यांचंच राहू दे. लोक त्याच नावानं शोधत येतात. खाली फक्त बारीक अक्षरात परवाना क्रमांक घाल. मी लिहून देते, तू बघून काढ."