आईच्या ओव्या आणि मी गाळलेली टिंबं

बाळांनो, तुम्ही आता मराठी शिकताय आणि माझ्या आईच्या ओव्या देवनागरीत मागताय, म्हणून हे सांगते.

तुम्हाला वाचता याव्यात म्हणून मीच त्या इंग्रजी अक्षरांत उतरवल्या. औरंगपुऱ्यातल्या ग्रंथालयात मी कामाला असताना मराठी पुस्तकांची सूची इंग्रजी अक्षरांत करायची असे, तेव्हा आम्ही दीर्घ स्वरावर रेघ आणि ‘ळ’, ‘ण’साठी अक्षराखाली टिंब द्यायचो. पहिल्या तीन ओव्या तशाच लिहिल्या.

तुमचे आजोबा हसले, "अगं, पोरं वाचतील की टिंबं मोजतील?"

पुढच्या ओव्यांत मी सगळी चिन्हं सोडली आणि ज्या देवनागरी वहीतून उतरवल्या ती वाळवी लागलेली वही रद्दीत दिली. आता ‘mala’ दिसलं की मला, मळा की माळा, ठरत नाही. विचारायला आई नाही.

चिन्हांसकट लिहिलेल्या तीन ओव्या तेवढ्या शाबूत आहेत.